दुसरा मजला, ३९ पायऱ्या

मागच्या डिसेंबरात गुहागरला एका छोट्या हॉटेलच्या रिसेप्शनवर बसले होते. वेबसाइटवरचे फोटो बदलायचे म्हणून गेले होते, दुपारची वेळ, समोर वाळत घातलेल्या चादरी आणि दारातून येणारा ओल्या सुपारीचा वास. तेवढ्यात कोल्हापूर पासिंगची एक गाडी आली. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. आजींच्या हातात काठी, एका पायाला गुडघ्याचा पट्टा. आजींच्या मुलाने सगळ्यात महागाची खोली घेतली होती, 'सुपर डिलक्स सी व्ह्यू', कारण आईला वाळूत चालायला जमणार नाही तर निदान खोलीत बसून समुद्र दिसू दे. चावी घेताना त्याने विचारलं, लिफ्ट कुठेय? लिफ्ट नव्हती. खोली दुसऱ्या मजल्यावर. आजी काही बोलल्या नाहीत, कठडा धरून एकेक पायरी चढल्या, मधल्या वळणावर बराच वेळ थांबल्या. वर गेल्यावर बेडवर बसवलं तर बेडवरून दिसतात ते माड, समुद्र नाहीच. समुद्र गॅलरीत उभं राहिल्यावर दिसतो, आणि आजींना उभं राहवत नव्हतं.

भांडण वगैरे झालं नाही. झालं असतं तर बरं वाटलं असतं कदाचित. मुलगा खाली आला, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, आणि काउंटरला टेकून फोनवर खोलीचं वर्णन परत एकदा वाचत राहिला. आपलं काय वाचायचं राहिलं हे शोधत असावा. तो गेल्यावर मीही ते उघडून वाचलं.

त्यात खोटं काहीच नव्हतं.

'समुद्राच्या कुशीत वसलेली आमची ही प्रशस्त, आलिशान आणि सर्व आधुनिक सुखसोयींनी सुसज्ज खोली आपल्याला देते निसर्गाच्या सान्निध्यात एक अविस्मरणीय अनुभव. आरामदायी बेड, स्वच्छ बाथरूम आणि मनमोहक समुद्रदृश्य असलेली गॅलरी. आपल्या कुटुंबासोबत निवांत क्षण घालवण्यासाठी एक परिपूर्ण निवड.' एवढंच. गॅलरी आहे, खरं. समुद्र दिसतो, खरं. बेड आरामदायी आहे, बाथरूम स्वच्छ आहे. पण आजींना चढावं लागेल का, हा त्या कुटुंबापुरता एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर या मजकुरात कुठेच नाही. मला हे घरी येऊनसुद्धा सुटेना. हॉटेलांचे मजकूर लिहिणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे असं पाणचट लिखाण रोजच डोळ्यांखालून जातं, पण त्याची किंमत कुणीतरी कठडा धरून मोजताना पहिल्यांदा बघितली. मालक दादांना फोन केला आणि म्हटलं, फोटो झाले, आता खोल्यांची वर्णनंही परत लिहूया, आठही खोल्यांची. ते म्हणाले, ताई त्यात काय लिहायचंय, सगळं लिहिलेलंच आहे की.

तर पहिलं काम मी केलं ते म्हणजे आठही वर्णनांच्या प्रिंट काढल्या, वरची खोलीची नावं दुमडून टाकली आणि त्या दादांसमोर, वहिनींसमोर आणि साफसफाई बघणाऱ्या मावशींसमोर टेबलावर पसरल्या. सांगा, कुठलं वर्णन कुठल्या खोलीचं? तिघांनाही सांगता येईना. वीस वर्षं ज्या खोल्यांत वावरतात त्या त्यांना ओळखू येईनात, कारण ओळखण्यासारखं कागदावर काही नव्हतंच. आठपैकी सहा 'प्रशस्त' होत्या. सात 'सुसज्ज' होत्या. एका वर्णनात तर 'दरीचं विहंगम दृश्य' होतं, म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्याने कुठल्यातरी घाटमाथ्यावरच्या रिसॉर्टचा मजकूर उचलून टाकलेला आणि इतकी वर्षं तो कुणी वाचलाच नव्हता. गुहागरच्या किनाऱ्यावर दरी!

मग पेन्सिल घेऊन एकच नियम लावला. जो शब्द शेजारच्या हॉटेललाही जसाच्या तसा लागू पडेल, तो खोडायचा. शेजारचा कधी 'आमची कोंदट खोली' असं लिहिणार आहे का? नाही ना, मग 'हवेशीर' लिहून आपण वेगळं काय सांगितलं? आलिशान गेलं, मनमोहक गेलं, परिपूर्ण गेलं, निवांत क्षण गेले. खोडून झाल्यावर सुपर डिलक्सच्या वर्णनात 'बेड, बाथरूम, गॅलरी, समुद्र' एवढे चारच शब्द उरले. बाकी खोल्यांचं त्याहून वाईट. दादांचा चेहरा उतरला, आणि मला ते बघवेना कारण ते हॉटेल त्यांच्या वडिलांनी राहत्या घराच्या मागे चिऱ्याच्या दोन खोल्या बांधून सुरू केलेलं, त्यांच्यासाठी 'आलिशान' हा शब्द जाहिरातीचा नव्हता. पहिला एसी लागला तेव्हा वाडीतली माणसं बघायला आली होती म्हणे. ती माया खरी आहे. फक्त ती कोल्हापुरात बसून खोली निवडणाऱ्याच्या कामाची नाही, हे त्यांना कसं सांगावं ते मला त्या दिवशी सुचलं नाही, मी नुसतीच उठले आणि म्हटलं चला, वर जाऊन बघू.

टेप घेतली. साइटवर लिहिलं होतं '२५० चौ. फूट'. खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावली तर ११ फूट रुंद आणि १४ फूट लांब, म्हणजे १५४. बाथरूम ५ बाय ७, म्हणजे ३५. गॅलरी ४ बाय ११, म्हणजे ४४. सगळं मिळून २३३. उरलेले सतरा फूट बहुतेक भिंतींच्या जाडीचे, नकाशावरून काढलेला आकडा असणार. दादा म्हणाले, मग २३३ लिहा, ते तरी खरंय. खरं आहेच, पण पाहुणा जेव्हा चौरस फूट वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर बेड, बॅगा आणि मुलांना पाय ठेवायला जागा असते, बाथरूमची फरशी नसते. आणि खालच्या खोल्यांना गॅलरी नाही, मग तिथला एकूण आकडा वरच्या २३३पेक्षा लहान वाटणार, जेव्हा की झोपायची खोली तिथे उलट थोडी मोठी आहे. म्हणून ठरवलं की सगळीकडे फक्त खोली मोजायची, आतून, भिंत ते भिंत, आणि गॅलरी-बाथरूम वेगळं सांगायचं. एकदा ठरवलं की आठही खोल्यांना तोच माप-नियम, कुठेही सूट नाही. आकडा लहान दिसला तरी चालेल, पण दोन खोल्यांचे आकडे शेजारी ठेवले तर ते एकमेकांशी खरं बोलले पाहिजेत.

नंतर गाद्या.

साइटवर होतं, 'कमाल ४ व्यक्ती, एक्स्ट्रा बेड उपलब्ध'. मी मावशींना म्हटलं, चौघांसाठी करता तसं अंथरून दाखवा. एक्स्ट्रा बेड म्हणजे प्रत्यक्षात जमिनीवरची कापसाची गादी, ३ फूट बाय ६ फूट. बेड ६ बाय साडेसहाचा, डोक्याकडची फळी धरून भिंतीपासून ७ फूट जातात. १४तून ७ गेले, समोर टीव्हीचं कपाट दीड फूट, उरले साडेपाच. पायथ्याशी एक गादी आडवी टाकली तर ती बसते आणि चालायला अडीच फूट राहतात. दुसरी तिला खेटून टाकायची तर सहा फूट लागतात, बसत नाही. लांबीत पुढे-मागे टाकायची तर बारा फूट लागतात आणि खोली अकराच फूट रुंद. मग मावशी काय करतात, तर दुसरी गादी बेड आणि भिंत यांच्यामधल्या अडीच फुटांत दुमडून कोंबतात, आणि तिथेच बाथरूमचं दार बाहेर उघडतं. म्हणजे रात्री कुणाला जायचं झालं की खाली झोपलेल्याला उठवायचं, गादी उचलायची, जायचं, परत टाकायची. मावशींनी हे सगळं हातवारे करून दाखवलं, अगदी शांतपणे, कारण त्यांना ते कधीपासून माहीत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दादा दारात उभे राहून त्या दुमडलेल्या गादीकडे बघत होते. त्यांनीच म्हटलं, तीन लिहा. तीन मोठी माणसं, किंवा दोन मोठी आणि दोन लहान मुलं, एक मूल मोठ्यांसोबत बेडवर.

या कामात मालकापेक्षा मावशींचं ऐकावं हे माझं ठाम मत आहे आणि मी ते प्रत्येक हॉटेलात सांगते. मालकाला खोली बांधतानाची आठवते, मावशींना ती आजची माहीत असते. कुठल्या खोलीची कडी जोर लावल्याशिवाय बसत नाही, कुठल्या बाथरूममध्ये भारतीय पद्धतीचा संडास आहे (दोन खोल्यांत आहे, साइटवर अक्षर नाही), कुठल्या खोलीत पावसाळ्यात कपाटातल्या उशांना वास धरतो. गरम पाण्याचंही त्यांनीच सांगितलं. साइटवर '२४ तास गरम पाणी'. छतावर सोलर आहे. कोरड्या दिवसांत सकाळी सहा ते दहा चांगलं कढत पाणी मिळतं, संध्याकाळी हॉटेल भरलेलं असेल तर कोमट. दुसऱ्या मजल्यावर नळ सोडला की लगेच गरम येतं कारण टाकी डोक्यावरच आहे, तळमजल्यावर आधी बराच वेळ गार पाणी जातं आणि लोक नळ बंद करून फोन करतात की गरम पाणी येत नाही. आणि पावसाळ्यात सोलरचं काही खरं नाही, तेव्हा मागे बंब पेटतो आणि बादल्या वर जातात. म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी झाल्या, ऋतू, वेळ आणि मजला, आणि त्या तिन्ही '२४ तास'च्या खाली गाडल्या गेलेल्या. आम्ही लिहिलं: 'गरम पाणी सोलरवर, सकाळी ६ ते १०. जून ते सप्टेंबर बंबाचं पाणी बादलीने, सकाळी सांगितल्यावर.' दादांना 'बादली' शब्द फार लागला. मला नाही लागला. पावसाळ्यात गुहागरला येणारा माणूस बादलीला नाही घाबरत, तो घाबरतो ते साबण लावून उभं असताना पाणी गार व्हायला.

सगळ्या खोल्यांची अशी माहिती वहीत उतरवून झाली तेव्हा खरी अडचण समोर आली, आणि ती भाषेची नव्हती. आठही खोल्यांचं वर्णन मी एका क्रमाने मांडायला घेतलं: मजला आणि पायऱ्या, खोलीचं माप, बेड, माणसं, बाथरूम, गॅलरी, खिडकीतून काय दिसतं, एसी आणि वीज, गरम पाणी. क्रम असा का, तर ज्या गोष्टीमुळे माणूस खोली नाकारेल ती आधी. पायऱ्या कुणाला बदलता येत नाहीत, उशी एक जास्त मागता येते. म्हणून पायऱ्या पहिल्या ओळीत, उशा-टॉवेल-चहाची किटली शेवटी, आणि जे आठही खोल्यांत सारखं आहे (टीव्ही, वायफाय, टॉवेल) ते प्रत्येक खोलीखाली परत परत न लिहिता वर एकदाच. तर या क्रमात माहिती भरताना दिसलं की 'डिलक्स' या एकाच नावाखाली, एकाच भाड्यात तीन खोल्या आहेत आणि त्यातली एक रस्त्याकडे तोंड करून, एक वाडीकडे, आणि तिसरीला खिडकी आहे पण ती जिन्यात उघडते. आधीच्या मजकुरात तिघींना एकच परिच्छेद होता. विशेषणं होती तोवर तिन्ही सारख्या 'उबदार' होत्या. रकाना आला तसा 'खिडकीतून: जिना' असं लिहावं लागलं, आणि ते लिहिल्यावर त्याच भाड्यात ती खोली द्यायला दादांचाच हात धजेना.

दोन दिवस त्यांनी ते तसंच ठेवलं. मी पण जोर केला नाही. भाडं हा त्यांचा प्रांत. शेवटी त्यांनी त्या खोलीचं भाडं कमी केलं आणि नाव 'डिलक्स'मधून काढलं, आणि मला म्हणाले, एवढ्या वर्षांत तीच खोली सगळ्यात जास्त बदलून मागतात लोक, मला वाटायचं की आमचा पोरगा चावी देताना नीट बोलत नाही.

एकसारख्या साच्याबद्दल लोक मला नेहमी म्हणतात की असं लिहिलं की सरकारी फॉर्म वाटतो, सगळ्या खोल्या सारख्याच वाटतात. अनुभव बरोब्बर उलटा आहे. प्रत्येक खोलीला वेगळी सजवलेली वाक्यं दिली की फरक वाक्यांत दिसतो, खोल्यांत नाही. एकीकडे लिहिलं 'खाजगी गॅलरीत चहाचा आस्वाद घ्या', दुसरीकडे लिहिलं 'बाल्कनीतून वाडीचा नजारा', तिसरीकडे काहीच नाही. वाचणाऱ्याने काय समजायचं? गॅलरी आणि बाल्कनी वेगवेगळ्या आहेत का, तिसरीला नाहीच का, की आहे पण लिहायची राहिली? साचा एकच असेल तर तिसऱ्या खोलीत 'गॅलरी: नाही' असं लिहावंच लागतं. हे 'नाही' लिहायला मालक कचरतात, पण सगळ्यात जास्त विश्वास त्या शब्दाने बसतो. जिथे 'नाही' स्पष्ट लिहिलेलं असतं तिथे बाकीच्या 'आहे'वर माणूस भरवसा ठेवतो. रकाना मात्र रिकामा ठेवायचा नाही, आणि '—' अशी रेघ तर मुळीच नाही, रेघेचा अर्थ प्रत्येकजण आपल्या सोयीने लावतो आणि मग रिसेप्शनवर येऊन वाद घालतो.

दिसतं काय, या रकान्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. गुहागरची रचना माहीतच असेल, रस्त्याला लागून घरं, घरामागे नारळ-पोफळीची वाडी, वाडीमागे सुरूचं बन, मग पुळण, मग समुद्र. म्हणजे समुद्र जवळ आहे, पण मधे एवढं हिरवं आहे की दुसऱ्या मजल्यावरूनही तो सहज सापडत नाही. मी प्रत्येक खोलीत तीन ठिकाणी थांबून बघितलं, बेडवर बसून, खिडकीशी उभं राहून, आणि गॅलरी असेल तर गॅलरीत. एकाच खोलीची तीन उत्तरं येतात. सुपर डिलक्समध्ये बेडवर बसून माडांची खोडं आणि झावळ्या. गॅलरीत डाव्या कोपऱ्यात उभं राहिलं की मात्र दोन माडांच्या फटीतून समुद्राची पट्टी, सूर्य खाली आला की ती पट्टी इतकी पेटते की बोलता बोलता माणूस गप्प होतो. हे खरंच सुंदर आहे आणि मी ते 'मनमोहक' म्हणून लिहायला तयार नव्हते, कारण त्या शब्दात ना कोपरा येतो, ना माड, ना उभं राहावं लागतं ही गोष्ट. आवाज मात्र सगळीकडे येतो. रात्री वाहनं थांबली की खालच्या खोलीतही लाटा ऐकू येतात. ते आधी कुठेच लिहिलं नव्हतं! ज्या तळमजल्याच्या खोल्यांना दादा 'साध्या' म्हणायचे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट होती ती, आणि ज्याला चढता येत नाही त्याच्यासाठी तर होतीच.

पश्चिमेच्या उन्हावरून मात्र खडाजंगी झाली. एप्रिल-मेमध्ये त्या समुद्राकडच्या खोल्यांवर दुपारी तीननंतर थेट ऊन येतं, भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली असते आणि एसीला खोली थंड करायला बराच वेळ लागतो. त्यात वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे चालतात, एसी नाही. मी दोन्ही लिहायचं म्हटलं. दादा म्हणाले, ताई, मे महिना म्हणजे आमचा धंदा, त्यात तुम्ही लिहिणार की खोली तापते? वहिनी मधे पडल्या. त्या म्हणाल्या, तापते हे लिहूच नका, ऊन कधी येतं ते लिहा, ज्याला ऊन माहीत आहे त्याला कळेल. मला हे फार पटलं. 'तापते' हा आपला निकाल झाला, 'दुपारी ३ ते सूर्यास्त थेट ऊन' ही माहिती झाली, आणि गंमत म्हणजे डिसेंबरात येणाऱ्याला तीच ओळ हवीहवीशी वाटते. म्हणजे नियम फक्त कौतुकाच्या विशेषणांना नाही, तक्रारीच्या विशेषणांनाही लागू. 'छोटी', 'गैरसोयीची', 'गोंगाटाची' हेसुद्धा पोकळच. रस्त्याकडच्या खोलीला 'गोंगाट' न लिहिता 'पहाटेपासून एसटीचा आवाज येतो' असं लिहिलं, आणि ज्याला पहाटेची गाडी पकडायचीय तो तीच खोली मागतो.

तर आजींच्या त्या खोलीचं शेवटी हे झालं. नमुन्यादाखल पूर्ण देते, कारण असं वेगवेगळं सांगून अंदाज येत नाही.

'खोली ७. दुसरा मजला, लिफ्ट नाही, रस्त्यापासून ३९ पायऱ्या, कठडा एका बाजूला. खोली ११ × १४ फूट (१५४ चौ. फूट). १ डबल बेड, ६ × ६.५ फूट. ३ मोठी माणसं, किंवा २ मोठी आणि २ मुलं. तिसऱ्यासाठी जमिनीवर १ कापसाची गादी. बाथरूम खोलीला लागून, कमोड, शॉवर. गॅलरी आहे, ४ × ११ फूट, २ खुर्च्या. गॅलरीत उभं राहून माडांच्या मधून समुद्राची पट्टी, बेडवरून माड. पश्चिमेकडे तोंड, दुपारी ३ ते सूर्यास्त थेट ऊन. एसी आहे, वीज गेल्यास इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे. गरम पाणी सोलरवर, सकाळी ६ ते १०. जून ते सप्टेंबर बंबाचं पाणी बादलीने, सकाळी सांगितल्यावर. पुळणीवर चालत ४ मिनिटं, शेवटचा भाग वाळूचा.'

बाकीच्या सात याच क्रमाने, याच मापांत, याच शब्दांत. कुठे फूट कुठे मीटर नाही, कुठे 'दोन' कुठे '२' नाही, 'कमोड' म्हटलं तर सगळीकडे कमोड. इंग्रजी पानही यावरूनच केलं आणि बुकिंगच्या ॲपांवर जे रकाने असतात, माप, बेड, माणसं, तेही यातूनच भरले, कारण एका ठिकाणी चार माणसं आणि दुसरीकडे तीन असलं की पाहुणा फोन पुढे करून चार दाखवणारच, आणि त्याचं बरोबरच असतं. प्रिंट काढून नावं दुमडून परत टेबलावर ठेवल्या. मावशींना वाचायला वेळ लागतो, त्यांनी 'तळमजला, २ पायऱ्या'पासून 'खिडकीतून विहीर'पर्यंत वाचलं, आणि पुढचं न वाचता बोर्डावरची तिसरी चावी काढून ठेवली. आठही लावल्या. दादांच्या दोन चुकल्या.

हे सगळं आवडलं का त्यांना? मला नाही वाटत पूर्ण आवडलं. ते म्हणाले, सगळं बरोबर आहे पण माझं हॉटेल यात कुठे दिसत नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं आणि त्यात तथ्य आहे. खोलीचं वर्णन निर्णय घ्यायला मदत करतं, पण घर कुणी बांधलं, वाडी कुणाची, सकाळी घावन कोण घालतं हे त्यात बसत नाही आणि बसवायला जाऊ पण नये. आम्ही त्यासाठी वेगळं पान केलं, तिथे दादांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं, वडिलांनी चिरे कुठून आणले, पहिल्या दोन खोल्या कुठल्या, आणि तिथे त्यांनी एकदा 'आलिशान' लिहिलंय. पहिल्या एसीच्या गोष्टीत. मी त्याला हात लावला नाही.

नेमकं लिहिण्याची एक अडचण आहे जी मोघम लिहिण्यात नसते, ती म्हणजे ते शिळं होतं. 'आरामदायी बेड' दहा वर्षं चालतं, 'गॅलरीत २ खुर्च्या' हे एक खुर्ची मोडली की खोटं पडतं. त्यामुळे जे वारंवार बदलतं ते शक्यतो लिहायचं नाही, गादीची कंपनी, टीव्हीचे इंच, पडद्यांचा रंग हे सगळं मी काढून टाकलं. आणि उरलेल्यासाठी चावीच्या बोर्डाखाली एक वही टांगली, मावशी काही बदललं की तिच्यात खोलीचा नंबर आणि काय ते लिहितात, दादांचा मुलगा दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या आधी वही घेऊन बसतो आणि साइट, ॲप सगळीकडे एकदम बदलतो. एकदम हे महत्त्वाचं, नाहीतर परत तीन ठिकाणी तीन गोष्टी.

मागच्या महिन्यात त्याच वहीतून एक प्रश्न आला. ७ नंबरमधून समुद्र दिसतो तो ज्या फटीतून, ती फट मुळात २०२१च्या तौक्ते वादळात शेजारच्या वाडीतले माड आडवे झाले त्यामुळे पडलेली. त्याआधी दिसायचा तो अगदीच तुकडा. आता शेजाऱ्यांनी त्याच जागी बाणवलीची रोपं लावलीत, ती चांगली कमरेच्या वर आलीत आणि दादांनी हिशोब घातला की पाच-सात वर्षांत झावळ्या गॅलरीच्या उंचीला येणार. शेजाऱ्यांना कोण सांगणार की माड लावू नका, आणि का सांगायचं. दादांनी विचारलं, तोवर 'सी व्ह्यू' नाव ठेवू का? मी म्हटलं, दिसतं ते दिसेपर्यंत रकान्यात राहू दे, पण नावातून आत्ताच काढा, नाव लोक पाठ करतात आणि भाडं नावाला चिकटतं. त्यांनी दोन दिवस मागितले. मग खोलीच्या दारावरची 'सुपर डिलक्स सी व्ह्यू'ची पितळी पाटी काढली आणि साइटवर आता नुसतं 'खोली ७, दुसरा मजला, पश्चिम' आहे. भाडं अजून तेच आहे, ते कधी आणि किती कमी करायचं यावर दादा आणि वहिनींचं एकमत झालेलं नाही.